मोठ्या कंपनीने दर १८ टक्क्यांनी पाडला. आपणही पाडायचा का?

गाळणीवाला
आमचा लहान कारखाना आहे. कॉम्प्रेस्ड हवेच्या लाइनमध्ये बसणारे फिल्टर एलिमेंट बनवतो. ठरावीक काळाने ते बदलावेच लागतात, त्यामुळे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं. खरे आकडे इथे देत नाही. आमचा दर १०० धरतो आणि बाकीचं त्या प्रमाणात सांगतो.

१०० ला विकतो. कच्चा माल, मजुरी, पॅकिंग, वाहतूक मिळून ६४ जातात, म्हणजे नगामागे ३६ सुटतात. महिन्याला १००० नग जातात. भाडं, पगार, हप्ते वगैरे २७,०००. हातात ९,००० उरतात.

आता आमच्या दहापट मोठ्या कंपनीने, जिचा दर आतापर्यंत आमच्याएवढाच होता, तो ८२ वर आणला आहे. आमच्या १००० नगांपैकी ४०० चार मोठ्या गिऱ्हाइकांकडे जातात, ६०० बऱ्याच लहान लहान कारखान्यांकडे. मोठ्यांपैकी दोघांच्या परचेसवाल्यांचे फोन येऊन गेले. लहानांकडून अजून चकार शब्द नाही. विक्री माझा धाकटा भाऊ बघतो. तो म्हणतो, आजच्या आज ८२ करा, गिऱ्हाईक एकदा गेलं की गेलं. मला ते पटत नाही, पण त्याला काय उत्तर द्यावं तेही कळत नाही.

रोखठोक
भाऊ बरोबर बोलतोय. ८२ कशाला, ८० करा. तीन महिने दात-ओठ खाऊन काढा. दर कमी झाला की खप वाढतो, मार्जिनची भरपाई तिथे होते. शिवाय समोरच्याला कळलं पाहिजे की हे मागे हटणारे नाहीत.

ताळेबंद
रोखठोक, खप किती वाढला तर भरपाई होईल ते एकदा मांडून बघा. ८२ ला विकलं तर नगामागे ३६ ऐवजी १८ सुटणार, बरोबर निम्मे. म्हणजे आजच्याइतकेच पैसे सुटायला खप दुप्पट व्हावा लागेल. फिल्टर स्वस्त झाला म्हणून कोणी महिन्याला दोन बदलत नाही. आणि समोरचाही ८२ लाच विकतोय, तर त्याचं गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल? दर पाडून फार तर आहे ते १००० टिकतील. तेव्हा १८ × १००० = १८,०००, खर्च २७,०००, दर महिन्याला ९,००० चा खड्डा.

प्रश्न उलटा विचारा. दर १०० च ठेवला, तर किती गिऱ्हाईक गेल्यावर स्थिती याहून वाईट होईल? नगामागे ३६ सुटत असताना १८,००० मिळवायला ५०० नग पुरतात. म्हणजे निम्मा खप गेला तरी तुम्ही दर पाडणाऱ्या तुमच्यापेक्षा वाईट नसता. सूत्र एवढंच: दरातली कपात भागिले नगामागे सुटणारी रक्कम.

गाळणीवाला, एक विचारते. ६४ मध्ये मजुरी धरली आहे. खप घटला तर ती मजुरी खरंच वाचते का, की माणसं पगारावर आहेत?

गाळणीवाला
थोडी पगारावर आहेत. आमच्या अकाउंट्सवाल्याला विचारलं. ६४ पैकी ४ अशी आहेत की ५०० नग बनवले तरी द्यावीच लागतील.

ताळेबंद
मग ती ४ तिथून काढून बांधील खर्चात टाका. नगामागे खरे ४० सुटतात आणि महिन्याचा बांधील खर्च ३१,०००. नफा तोच, ९,०००. पण उंबरठा सरकला: १८ भागिले ४०, म्हणजे ४५ टक्के. जेवढा खर्च खपाबरोबर हलत नाही, तेवढं गिऱ्हाईक गमावणं महाग पडतं. ज्यांचा जवळजवळ सगळाच खर्च बांधील असतो, हॉटेलं किंवा विमान कंपन्या, ते दरयुद्धात पटकन का ओढले जातात ते यावरून कळेल.

उनाड
माझं असंच झालं होतं, म्हणून लिहितो. आम्ही लहान ऑफिसांना सॉफ्टवेअर देतो, वार्षिक वर्गणीवर. मोठ्याने दर पाडला तेव्हा आम्ही घाबरून सगळ्यांना सरसकट २५ टक्के सूट दिली. ज्यांनी मागितलीच नव्हती त्यांनाही. वर्षभराने समोरच्याने दर पूर्ववत केला, आम्हाला मात्र करता आला नाही. सूट दिलेला दर हाच लोकांच्या डोक्यात खरा दर होऊन बसला. जुना दर परत लावला तर म्हणायला लागले, दर का वाढवला?

तुमचे लहान गिऱ्हाईक गप्प असतील तर त्यांना गप्प राहू द्या.

खिळा
ताळेबंदताई, हिशोब बरोबर आहे, पण तो एका महिन्याचा आहे. गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला काय पडतं ते त्यात कुठेच नाही. भावाचं म्हणणं तेच असणार. आज ३०० नग वाचवले नाहीत आणि ते पाच वर्षं गेले, तर तुमचे ४५ टक्के काय कामाचे?

ताळेबंद
खिळा, हा आक्षेप रास्त आहे आणि याला एक उत्तर नाही, गिऱ्हाईकागणिक वेगळं आहे. ज्यांच्याकडे एलिमेंट नुसतं मापात बसलं की झालं, ते दोन पैशांसाठी जातील आणि दोन पैशांसाठी परतही येतील. तिथे घाबरायचं कारण कमी. ज्यांच्याकडे नवा पुरवठादार घ्यायचा म्हणजे नमुने, चाचणी, क्वालिटीची मंजुरी असे सोपस्कार आहेत, ते सहजासहजी जात नाहीत. पण एकदा गेले तर त्याच सोपस्कारांपायी परतही येत नाहीत. राखायचे ते हे. गाळणीवाला, फोन आलेले दोघे कोणत्या जातीचे आहेत?

गाळणीवाला
एकजण मंजुरीवाला. दुसरा नुसता मापवाला, दरवर्षी कोटेशन मागवून घासाघीस करणारा.

सदाफुली
मला एक कळलं नाही, तुम्ही आधीच १८ टक्के दर कमी केलाय ना? मग आता परत वाढवायला काय हरकत आहे? गिऱ्हाइकाला विश्वासात घेऊन सांगा.

गाळणीवाला
नाही हो सदाफुली, कमी समोरच्याने केलाय. आम्ही अजून १०० वरच आहोत.

सदाफुली
अरेच्चा, घाईत वाचलं. मग उनाड म्हणतात तसं गप्प बसा :)

बाराखडी
नुसतं गप्प बसणं जमतं का, याचं एक उदाहरण. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉकच्या ‘द टाइम्स’ने अंकाची किंमत ४५ पेन्सवरून ३० वर आणली. ‘डेली टेलिग्राफ’ने काही महिने कळ काढली आणि जून १९९४ मध्ये ४८ वरून थेट ३० केली. टाइम्सने लगेच २० करून दाखवली. म्हणजे बरोबरी साधल्याचं समाधानही टेलिग्राफला लाभलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये ‘इंडिपेंडंट’, जो या सगळ्यात अशक्त होता, तोही ५० वरून ३० वर आला. ‘गार्डियन’ मात्र या शर्यतीत उतरला नाही. त्याचा वाचक ठरलेला होता, टाइम्स स्वस्त झाला म्हणून तो टाइम्स घेणार नव्हता. पुढे १९९५ मध्ये कागद महागला आणि किमती पुन्हा चढायला लागल्या.

यात टाइम्सचा खप भरपूर वाढला हेही खरं. म्हणजे दर पाडणारा नेहमी मूर्खच असतो असं नाही. त्याच्यामागे दुसऱ्या धंद्यांचे पैसे असले तर तो बराच काळ तग धरतो.

ताळेबंद
म्हणूनच समोरच्याने दर का पाडला हे शोधणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे बहुतेक जण तेच सोडून देतात.

आधी त्याचा हिशोब मांडा. तो दहापट मोठा आहे, म्हणजे १०,००० नग धरू. दर सगळ्यांना लावला असेल तर तुमचे ३०० नग ओढण्यासाठी तो स्वतःच्याच १०,००० नगांवरचे १८ सोडतोय. महिन्याला १,८०,००० जातात आणि बदल्यात तुमच्याकडून आलेल्या नगांवर सुटेल तेवढंच मिळतं. निव्वळ तुम्हाला मारायला कोणी असं करत नाही. त्याचं कारण दुसरं असणार: साठा पडून आहे, नवी लाइन चालू झाली आहे, वर्षअखेरीचं टार्गेट आहे, किंवा त्याचा उत्पादनखर्चच उतरला आहे.

पण तोच दर तो फक्त तुमच्याच गिऱ्हाइकांना देत असेल, तर त्याला जवळजवळ काहीच पडत नाही आणि तो कितीही दिवस चालवू शकतो. ती स्थिती खरी धोक्याची.

कोणती स्थिती आहे ते कळतं. त्याचं कोटेशन बघायला मिळालं तर मुदत किती दिवसांची आहे ते पाहा. सगळ्या मापांना ८२ आहे की दोन-तीनच मापांना? किमान ऑर्डर किती, पैसे आगाऊ की उधारीवर, माल लगेच की सहा आठवड्यांनी? दोन-तीनच मापं, लहान मुदत आणि माल लगेच, तर साठा काढतोय. सगळी मापं, वर्षाचा दर आणि डिलिव्हरीही भरवशाची, तर खर्च उतरला असावा. तसं असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, तो दर मागे फिरणार नाही. आणि जिथे तुम्ही कधी विकतच नाही अशा एखाद्या ओळखीच्या कारखान्यात काय दर दिलाय तेही विचारा.

यंत्रवाला
मी मेंटेनन्समध्ये काम करतो, म्हणजे तुमचा माल वापरणारा. परचेसला फक्त दर दिसतो. मला दिसतं ते फिल्टरमधून जाताना हवेचा किती दाब वाया जातो ते. तेवढा कॉम्प्रेसरला जादा द्यावा लागतो. कॉम्प्रेसर साधारण ७ बारवर चालत असेल तर दर १ बार जादा दाबाला ढोबळमानाने ७ टक्के वीज जास्त लागते. एलिमेंटमध्ये ०.२ बार जास्त वाया गेला तरी दीड टक्क्याच्या आसपास झाली. मोठ्या कॉम्प्रेसरच्या बिलावर दीड टक्का म्हणजे एलिमेंटच्या दरातला फरक किरकोळ.

तुमचा माल यात खरंच चांगला असेल तर गेज लावून दोन्ही एलिमेंट शेजारी शेजारी चालवून दाखवा. नवीन असताना नाही, बदलायच्या वेळेला आलेली. नवी सगळीच बरी असतात.

गाळणीवाला
हे आवडलं. आमच्या एलिमेंटमध्ये दाब कमी वाया जातो असं आम्ही समजतो, पण जुन्या झालेल्या एलिमेंटवर मोजलेलं नाही. आधी मोजतो, मगच दावा करतो.

ताळेबंदताई, कोटेशन मिळालं. चालणारी तीन मापं ८२ ला, बाकीची १०० च्या जवळपास. किमान ऑर्डर मोठी, मुदत तीन महिने, पैसे आगाऊ. आम्ही विकत नाही अशा एका ओळखीच्या ठिकाणी विचारलं, तिथेही हेच.

सरळमार्गी
एवढं डोकं कशाला खाजवताय? त्यांच्या विक्रीप्रमुखाला भेटा. चहा घ्या. तुम्ही आमच्या चौघांना हात लावू नका, आम्ही तुमच्याकडे बघत नाही. धंद्यात सगळे असंच करतात.

कलमबहाद्दर
सरळमार्गी, हे कृपया कोणी करू नका. प्रतिस्पर्ध्याशी दर किंवा गिऱ्हाईक वाटून घेण्याची बोलणी बहुतेक देशांत बेकायदा आहेत. काही देशांत त्यासाठी तुरुंगही आहे. नुसता प्रस्ताव मांडणंही अंगाशी येतं. १९८२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी ब्रॅनिफ या प्रतिस्पर्धी विमान कंपनीचे हॉवर्ड पटनम यांना फोनवर सुचवलं की दोघांनी मिळून भाडं २० टक्के वाढवू. पटनम यांनी फोन टेप केला होता. समोरून होकार आलाच नव्हता, तरी अमेरिकी न्यायखात्याने खटला भरला.

उलट बाजूही सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. मोठा माणूस खर्चाच्या खाली विकून लहानाला संपवत असेल तर तक्रार करता येते. युरोपात ECS नावाच्या लहान कंपनीने अ‍ॅक्झो या बलाढ्य रसायन कंपनीविरुद्ध १९८२ मध्ये केली होती. ECS प्लास्टिकवाल्यांना माल विकायला लागली म्हणून अ‍ॅक्झोने तिच्या पिठाच्या गिरण्यांच्या बाजारात दर पाडायची धमकी दिली आणि तिच्याच गिऱ्हाइकांना हेरून कमी दर दिले. ECS च्या बाजूने शेवटचा निकाल १९९१ मध्ये लागला. मधे तात्पुरता दिलासा मिळाला होता, पण नऊ वर्षं लागली. शिवाय समोरच्याचं बाजारावर वर्चस्व आहे हे दाखवावं लागतं. गाळणीवाल्यांच्या प्रकरणात तोच दर सगळीकडे आहे आणि तीनच मापांना, तेव्हा माझ्या मते इथे तक्रारीत दम नाही.

रोखठोक
म्हणजे शेवटी काय, हातावर हात ठेवून बसायचं? चौघांपैकी दोघांचे फोन आलेत. त्यांना काहीतरी द्यावं लागेल की नाही?

ताळेबंद
द्यावं लागेल, इथे तुमच्याशी सहमत. पण तोच माल स्वस्त करून नाही.

गाळणीवाला, त्याच तीन मापांचा एक साधा माल काढा. नाव आणि खोकं वेगळं, एका खोक्यात अनेक नग, प्रत्येक नगासोबत चाचणीचा कागद नाही. ऑर्डर महिनाभर आधी, माल महिन्यातून एकदाच, तातडीची डिलिव्हरी नाही, ठरावीक संख्येच्या खाली मिळणार नाही. यात नगामागचा खर्च ६० वरून किती खाली येईल?

गाळणीवाला
मोठ्या बॅचेसमुळे थोडा, पॅकिंग आणि वाहतुकीत बराच. ५४ पर्यंत येईल.

ताळेबंद
मग तो ८६ ला द्या. ८२ ला नको. थोडा वर राहिलात तर समोरच्याला पुन्हा खाली उतरायचं निमित्त मिळत नाही. आणि ज्याला बदलायची दगदग नको आहे असं गिऱ्हाईक तेवढ्या फरकासाठी थांबतं. नगामागे ३२ सुटतात.

अंदाज असा. मोठ्यांच्या ४०० पैकी ३०० साध्या मालावर टिकले: ९,६००. लहानांच्या ६०० पैकी ६० गेले, ५४० जुन्याच दराने: २१,६००. मिळून ३१,२००, खर्च ३१,०००. जेमतेम काठावर. काहीच केलं नाही आणि मोठ्यांचे २५० आणि लहानांचे ६० गेले, तर ६९० × ४० = २७,६००, म्हणजे ३,४०० चा तोटा. सरसकट ८२ केलं तर ९,००० चा. तीन महिने काठावर काढता येतात, ९,००० च्या खड्ड्यात काढणं अवघड.

हा डाव फसतो तो गळतीमुळे. लहान गिऱ्हाईक साध्या मालाकडे वळलं की नगामागे ८ जातात. किमान संख्या आणि महिन्यातून एकदाच माल, या दोन अटी म्हणजे तुमचं कुंपण. विक्रीवाल्याने ‘एवढ्यावेळी चालवून घेऊ’ म्हणत एकदा अट मोडली की कुंपण गेलं. इंटेलने १९९८ मध्ये स्वस्त चिप्सशी टक्कर द्यायला सेलेरॉन काढला, तेव्हा दोन्ही टोकं बघायला मिळाली. पहिला इतका कापलेला होता की लोकांनी नाक मुरडलं. लगोलग आलेल्या सेलेरॉन 300A मध्ये कॅश ही वेगवान मेमरी घातली, तर जाणकार तोच घेऊन जास्त वेगाने पळवायला लागले आणि महाग पेंटियम कशाला घ्यायचा, म्हणायला लागले.

खिळा
पण मंजुरीवाल्या गिऱ्हाइकाला चाचणीचा कागद नसलेला माल चालेल का? राखायचे ते हे, असं तुम्हीच वर म्हणालात आणि हा माल नेमका त्यांनाच चालणार नाही.

ताळेबंद
नेमकं पकडलंत. मंजुरीवाल्याला जुनाच माल, पण वर्षाच्या बांधीव ऑर्डरवर. दर महिन्याला ठरावीक नग उचलायचे, त्या बदल्यात थोडी सूट वर्षअखेरीला परत. बिलावर दर १००च. बिलावरचा दर उतरवला की उनाड यांनी सांगितलं ते होतं. ही सूट ५ च्या आत ठेवा. वरच्या अंदाजात हे गिऱ्हाईक मी साध्या मालावर ३२ ने धरलं होतं, इथे ३५ सुटतील, तेव्हा बिघडत नाही.

उनाड
आणि समोरच्याची मुदत संपेल त्याच सुमाराला तुमचे वर्षाचे करार झालेले असतील. हे छान आहे. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

रोखठोक
मला अजूनही वाटतं की समोरच्याला इशारा दिल्याशिवाय तो थांबत नाही. तीन महिन्यांनी मुदत वाढवली तर?

ताळेबंद
वाढवू शकतो. तेव्हा तीच तीन मापं आहेत का ते परत बघायचं. चौथं-पाचवं माप यादीत आलं तर साठा काढतोय हा माझा अंदाज चुकला, आणि मग खर्चाच्या बाजूने विचार करावा लागेल. ती मापं आपण बनवायची तरी का, हाही.

गाळणीवाला
भावाला हे सगळं वाचायला दिलं. साध्या मालाला तो तयार आहे, पण किमान संख्येची अट त्याला जाचक वाटते. ती मी सोडणार नाही.

एक अडचण आहे. फोन न आलेल्या दोन मोठ्यांपैकी एकाच्या करारात कलम आहे, की इतर कोणालाही कमी दर दिला तर तोच त्यांनाही आपोआप लागू. साधा माल ८६ ला काढला तर ते लागू होईल का?

कलमबहाद्दर
कलमाचे नेमके शब्द बघावे लागतील. ‘तोच माल’ म्हटलंय की ‘तत्सम माल’? ‘तोच’ असेल तर वेगळं नाव, वेगळा स्पेसिफिकेशनचा कागद आणि वेगळ्या अटी यावर वाद घालता येईल. ‘तत्सम’ असेल तर कठीण आहे. आणि वर्षअखेरीची परत सूट दरात धरायची का, यावर कलम गप्प असेल तर ते सोयीचं समजू नका, भांडण तिथेच होतं. कराराची मुदत कधी संपते?

गाळणीवाला
चार महिन्यांनी. शब्द ‘समान स्वरूपाचा माल’ असा आहे.

कलमबहाद्दर
हा मधला शब्द आहे, दोन्हीकडे ओढता येतो. करार घेऊन वकिलाला प्रत्यक्ष भेटा, आणि तोवर साध्या मालाचं लेखी कोटेशन कोणालाही पाठवू नका.

खिळा
किंवा साधा माल आधी त्या कलमवाल्यालाच त्याच अटींवर द्या. तातडीची डिलिव्हरी नाही म्हटल्यावर तोच नको म्हणेल, आणि तसं लेखी मिळालं तर उत्तम.

ताळेबंद
हो म्हणाला तर मात्र त्याचे सगळे नग ३२ वर आले, ते धरून आधी मांडणी करा. त्याचे महिन्याला किती जातात?

गाळणीवाला
१२०. आज रात्री भावाला घेऊन बसतो आणि मांडतो.